कळावे, आपली विश्वासू

माझ्या नोकरीची 31 वर्षे दुसऱ्यांचे अर्ज वाचण्यात गेली. सरकारी कचेरीत आवक-जावक बारनिशीच्या टेबलापासून सुरुवात केली आणि मुख्य लिपिकाच्या खुर्चीवरून घरी आलो. एवढ्या वर्षांत माणसाला एक वाईट खोड लागते. कोणाचेही पत्र हातात आले, की मजकुराआधी 'प्रति' कोणाला केली आहे आणि विषय काय लिहिला आहे, ते डोळा शोधू लागतो. आमच्या घरी लग्नपत्रिका आली तरी मी प्रथम संदर्भ क्रमांक पाहतो, असे आमच्या सौभाग्यवती सांगत असतात!

ही खोड कधी कोणाच्या उपयोगी पडेल असे वाटले नव्हते. पण मागल्या उन्हाळ्यात माझी भाची एक कागद घेऊन घरी आली. ती चंद्रपूरच्या एका महाविद्यालयात भूगोल घेऊन एम. ए. करते. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये 2011 साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाकडे आहेत, आणि तेथल्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला एक छोटा संशोधन-प्रकल्प करावा लागतो. पोरीने विषय चांगला निवडला होता. वाघ आणि बिबटे गावकऱ्यांची जनावरे मारतात, त्यांच्या नुकसानभरपाईच्या नोंदी पाहायच्या. कोणत्या महिन्यात, कोणत्या गावी, कशा जागी हल्ले अधिक होतात ते नकाशावर मांडायचे.

"मामा, तीन महिने झाले," ती म्हणाली, "मार्चमध्ये पत्र दिले, अजून उत्तर नाही. तुमच्या कचेऱ्या अशाच का हो?"

'तुमच्या कचेऱ्या' हे शब्द मला जरा लागले. मी चष्मा पुसला आणि तिच्या पत्राची नक्कल वाचायला घेतली. पहिल्या पाच ओळींतच माझ्या लक्षात आले, की त्या टेबलावर मी असतो तरी या पत्राला उत्तर गेले नसते!

एका पत्रात तीन पत्रे

पत्र जिल्ह्याच्या सर्वांत मोठ्या साहेबांच्या नावे होते. विषय होता, 'संशोधनासाठी परवानगी व सहकार्य मिळणेबाबत.' आत मागणी अशी: मानव-वन्यजीव संघर्षाची सर्व माहिती द्यावी, वाघांच्या कॅमेऱ्यातील छायाचित्रे व त्यांची ठिकाणे द्यावीत, ज्यांची जनावरे मेली त्यांची नावे व फोन क्रमांक द्यावेत, जंगलात फिरण्याची परवानगी द्यावी, आणि गावकऱ्यांच्या मुलाखती घेऊ द्याव्यात.

"हे एक पत्र नव्हे," मी म्हणालो. "ही तीन पत्रे आहेत, आणि तिघांचे धनी निराळे आहेत."

वाचकांनाही ही गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण ज्या घरात शिकणारी मुले आहेत त्या घरात आज ना उद्या असा अर्ज लिहिला जाणारच.

कचेरीत लिहून ठेवलेली माहिती मागणे ही पहिली गोष्ट. ती माहिती ज्या कचेरीत तयार होते, तेथेच मागावी. जनावराच्या नुकसानभरपाईचे प्रकरण सुरू होते वनरक्षकापासून. तो जागेवर जातो, पंचनामा होतो, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो, मग कागद वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे आणि तेथून वर वन विभागाच्या कचेरीत जातो. त्या विभागाचा प्रमुख म्हणजे उपवनसंरक्षक. सगळ्या परिक्षेत्रांची प्रकरणे एकत्र होतात ती याच कचेरीत. त्याहून वर पत्र पाठविले तर ते फिरत फिरत पुन्हा येथेच येणार, फक्त वाटेत दोन-तीन बारनिशींचे शिक्के घेऊन. त्याहून खाली, म्हणजे थेट परिक्षेत्रात दिले, तर तो अधिकारी 'वरिष्ठांचे पत्र आणा' म्हणणार, आणि त्याचे काही चुकणार नाही.

दुसरी गोष्ट जंगलात शिरण्याची. ताडोबासारख्या राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात अभ्यासासाठी जायचे तर 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे 28 वे कलम आडवे येते. ही परवानगी देण्याचा अधिकार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाला आहे आणि त्यांची कचेरी नागपूरला. जिल्ह्यातल्या साहेबांनी मनात आणले तरी ती त्यांच्या हातची नाही. म्हणजे पोरीने जे मागितले होते त्यातला एक भाग देणे त्या कचेरीला अशक्यच होते. आणि अर्जातला एक भाग अशक्य असला, की लिपिक सबंध अर्ज बाजूला ठेवतो. मी स्वतः असे शेकडो अर्ज बाजूला ठेवले आहेत. वाईट बुद्धीने नव्हे. अर्ध्याला 'हो' आणि अर्ध्याला 'नाही' अशी टिपणी लिहिणे हे फार कटकटीचे काम असते.

तिसरी गोष्ट माणसांशी बोलण्याची. गावकऱ्याने आपल्या ओसरीवर बसून आपली गाय कशी मेली हे सांगावे की नाही, हे ठरविणारे साहेब कोण? ती परवानगी गावाची आणि त्या माणसाची.

"मग तुला यातले खरोखर काय हवे आहे?" मी विचारले.

ती विचारात पडली. कॅमेऱ्यातली छायाचित्रे कशाला मागितली, याला तिच्याजवळ उत्तर नव्हते. "बरे दिसेल म्हणून," ती शेवटी म्हणाली. वाघ नेमका कोठे फिरतो याची यादी शिकाऱ्याच्या हाती पडली तर काय होईल, हे कळायला संशोधन लागत नाही. अशी माहिती वन खाते जपून ठेवते ते योग्यच आहे, आणि जो मागतो त्याच्या हेतूबद्दल मनात उगाच शंका येते. छायाचित्रे वगळली. जंगलात फिरणेही वगळले, कारण जनावरे बहुतेक गावाच्या शिवारात आणि लगतच्या वनात मरतात, आणि तिचा अभ्यास नोंदींचा होता. राहिल्या दोन गोष्टी: कचेरीतल्या नोंदी आणि गावातली माणसे.

तालुका एक, मालक अनेक

मग कोणत्या कचेरीला लिहायचे? येथे आमच्या भागात नवखा माणूस हमखास फसतो. आपण जिल्हा, तालुका, गाव या भाषेत विचार करतो. जंगलाचा हिशेब निराळा आहे. तेथे विभाग, परिक्षेत्र, क्षेत्र, नियतक्षेत्र आणि शेवटी क्रमांकाचा कक्ष अशी उतरंड असते, आणि या रेषा तालुक्याच्या रेषेवर बसतीलच असे नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी आणि मध्य चांदा असे तीन प्रादेशिक वन विभाग आहेत. शिवाय ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा गाभा आणि त्याच्या भोवतालचे बफर यांचा कारभार स्वतंत्र. काही जंगल वनविकास महामंडळाच्या ताब्यात आहे, ते आणखी वेगळे. उदाहरणादाखल सिंदेवाही तालुका घ्या. तेथले सिंदेवाही परिक्षेत्र ब्रह्मपुरी विभागात मोडते, पण शिवणी परिक्षेत्र बफरमध्ये. तालुक्यातल्या दोन शेजारच्या गावांत एकाच रात्री दोन बैल मेले, तर त्यांचे कागद दोन निराळ्या कचेऱ्यांत जातील. ज्याने एकाच कचेरीकडून आकडे घेतले आणि वर 'तालुक्याचे आकडे' असे लिहिले, त्याचा नकाशा पहिल्या दिवसापासून चुकला. बफरच्या बाजूला त्याला वाघ दिसणारच नाहीत, आणि तो आनंदाने लिहील की तिकडे हल्ले होत नाहीत!

भाचीचा तालुका याच जातीचा होता. म्हणून आम्ही ठरविले, की पत्र एकाच मजकुराचे, पण दोन कचेऱ्यांना दोन स्वतंत्र. 'प्रत माहितीस्तव' म्हणून दुसऱ्याला नक्कल पाठवायची नाही. माहितीस्तव आलेल्या प्रतीवर कोणी कारवाई करीत नाही. ती फायलीला लागते आणि सुखाने राहते.

जुन्या आकड्यांबाबत आणखी एक खड्डा आहे. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या कोणत्याही तक्त्यात 'चंद्रपूर जिल्हा' असे लिहिले असेल, तर त्यात भामरागड-सिरोंचापर्यंतचा सारा मुलूख आहे. भाचीच्या एका वर्गमित्राने जुने आणि नवे आकडे शेजारी मांडून जंगल एकाएकी निम्म्याहून कमी झाल्याचा शोध लावला होता. त्याच्या सरांनी वेळीच पाहिले म्हणून बरे.

दुसरे पत्र

दोन संध्याकाळी बसून आम्ही नवे पत्र तयार केले. नावे गाळून ते येथे देतो.

*प्रति, मा. उपवनसंरक्षक, (अमुक) वन विभाग.*

*विषय: पशुधन हानीच्या नुकसानभरपाई प्रकरणांची गावनिहाय माहिती शैक्षणिक प्रकल्पासाठी मिळणेबाबत. (कालावधी 1 एप्रिल 2019 ते 31 मार्च 2024, तालुका अमुक)*

*संदर्भ: प्राचार्य, (अमुक) महाविद्यालय यांचे शिफारसपत्र, जावक क्रमांक व दिनांक.*

*महोदय,*

*मी वरील महाविद्यालयात एम. ए. भूगोल या वर्गात शिकत आहे. वन्यप्राण्यांकडून होणारी पशुधन हानी वर्षाच्या कोणत्या काळात व कोणत्या प्रकारच्या जागी अधिक होते, हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे.*

*त्यासाठी आपल्या विभागातील, उपरोक्त तालुक्यात येणाऱ्या परिक्षेत्रांच्या प्रकरणांबाबत पुढील माहिती मिळावी, ही विनंती: (1) घटनेचा दिनांक, (2) गाव व ग्रामपंचायत, (3) घटनास्थळ: गोठा, शेत, गायरान किंवा वन, (4) मृत जनावराचा प्रकार व संख्या, (5) हल्ला करणारा वन्यप्राणी, (6) प्रकरण मंजूर, नामंजूर की प्रलंबित, व नामंजूर असल्यास कारण.*

*पशुमालकांची नावे, पत्ते अथवा दूरध्वनी क्रमांक मला नकोत. वन्यप्राण्यांच्या वावराची ठिकाणे वा छायाचित्रेही नकोत. कोणत्याही संरक्षित क्षेत्रात प्रवेशाची ही विनंती नाही.*

*माहिती एकत्रित तयार नसल्यास, मूळ नोंदवह्या आपण सांगाल त्या दिवशी, आपल्या कर्मचाऱ्यांच्या समक्ष, कार्यालयात बसून पाहण्याची व हाताने टिपून घेण्याची परवानगी मिळावी.*

*माहितीचा उपयोग केवळ शैक्षणिक कामासाठी करीन व पूर्ण झालेल्या प्रकल्पाची एक प्रत आपल्या कार्यालयास सादर करीन.*

*कळावे, आपली विश्वासू.*

*सोबत: शिफारसपत्र, ओळखपत्राची प्रत, कोऱ्या तक्त्याचा नमुना.*

एवढेच पत्र. ते वाचताना ज्यांना काही विशेष दिसले नाही त्यांच्यासाठी त्यातल्या तीन-चार जागा उलगडून सांगतो.

विषयातच कालावधी आणि तालुका आहे. पत्र साहेबांपुढे जाण्याआधी बारनिशीवाला विषयाची ओळ वाचून ते कोणत्या कार्यासनाकडे टाकायचे ते ठरवितो. 'सहकार्य मिळणेबाबत' हे कोणत्याच कार्यासनाचे काम नसते. 'पशुधन हानी नुकसानभरपाई' म्हटले, की पत्र त्या कामाच्या लिपिकाच्या टेबलावर आपोआप पोहोचते. कालावधी एप्रिल ते मार्च असा ठेवला, कारण कचेरीच्या वह्या आर्थिक वर्षाने बदलतात. जानेवारी ते डिसेंबर मागितले असते तर प्रत्येक वर्षासाठी दोन वह्या काढाव्या लागल्या असत्या.

पण दिनांक मात्र घटनेचा मागितला, रक्कम दिल्याचा नव्हे. हा मुद्दा बारीक आहे आणि सगळा अभ्यास त्यावर उभा आहे. फेब्रुवारीत मेलेल्या गाईची रक्कम अनुदान आल्यावर पुढल्या वर्षी मिळू शकते. रक्कम दिल्याच्या तारखा घेऊन महिने मोजले, तर वाघ कधी हल्ला करतो ते न कळता सरकारी अनुदान कधी येते ते कळेल!

चौथ्या कलमात 'संख्या' हा शब्द आहे. एका गोठ्यात एकाच रात्री तीन शेळ्या मेल्या तर प्रकरण एकच होते. प्रकरणे मोजली की जनावरे मोजली, हे ठरविले नाही तर बेरीज कोठेच जुळत नाही.

'नावे नकोत' हे वाक्य पोरीला अनावश्यक वाटत होते. मी म्हणालो, याच वाक्याने अर्धे काम होईल. नावे असलेला कागद बाहेर द्यायचा तर लिपिकाला प्रत्येक ओळ झाकावी लागते, नाहीतर खासगी माहिती दिल्याचा ठपका येतो. आपण आधीच नको म्हटले, की त्याच्या मनावरचे ओझे उतरते. आणि कोरा तक्ता सोबत जोडला तोही त्याच्यासाठीच. नोंदवही पुढे ठेवून रकाने भरत जायचे, विचार करायचा नाही. सरकारी माणसाला कामाचा कंटाळा नसतो, वाचकहो. काय करायचे ते ठरविण्याचा कंटाळा असतो.

पोच, स्मरणपत्र आणि मोसम

पहिले पत्र मार्चमध्ये दिले होते. वन खात्याच्या कचेरीत मार्च म्हणजे वर्षअखेरचा हिशेब, आणि 15 फेब्रुवारीपासून 15 जूनपर्यंत वणव्याचे दिवस. मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम. अशा वेळी विद्यार्थिनीचा तक्ता भरायला बसणारा लिपिक मी तरी पाहिला नाही. नवे पत्र आम्ही जुलैत, पाऊस लागल्यावर दिले.

भाचीने ते स्वतः नेऊन दिले आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, दिनांक आणि शिक्का घेतला. पहिल्या वेळी तिने पत्र टेबलावर ठेवून नमस्कार केला होता आणि परत आली होती. पोच नसलेले पत्र म्हणजे न लिहिलेले पत्र. पंधरा दिवसांनी ती पुन्हा गेली, तेव्हा 'माझ्या पत्राचे काय झाले' असे न विचारता आवक क्रमांक सांगितला आणि 'हे कोणत्या कार्यासनाकडे आहे' असे विचारले. दोन मिनिटांत टेबल सापडले. तेथल्या बाईंनी सांगितले, की एका परिक्षेत्राची वही आलेली नाही. मग एक स्मरणपत्र, चार ओळींचे, त्याच क्रमांकाचा हवाला देऊन.

"मामा, माहितीच्या अधिकाराखाली अर्ज का नाही करायचा?" तिने मध्येच विचारले होते. रास्त प्रश्न होता. 2005 च्या त्या कायद्याने दहा रुपयांत कोणीही नागरिक माहिती मागू शकतो आणि 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. पण त्याला मर्यादा आहेत. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे 150 शब्दांच्या आत असावा लागतो. कचेरीत जी माहिती ज्या रूपात आहे ती मिळते. तुमच्यासाठी नवा तक्ता तयार करून देण्याचे बंधन तिच्यावर नसते. आणि या कायद्याखाली मिळते ती माहिती. वही समजावून सांगणारा माणूस मिळत नाही. साध्या पत्राला उत्तरच आले नाही तर तो मार्ग आहेच. मात्र ज्या टेबलावर पुन्हा पुन्हा शंका विचारायला जायचे आहे, तेथे आधी विनंती करून पाहावी.

ऑगस्टच्या अखेरीस एका कचेरीकडून भरलेला तक्ता आला. दुसरीने 'नोंदवह्या येऊन पाहाव्यात' असे कळविले. पोरगी तीन दिवस तेथे बसून टिपत होती. आणि तिला जे शिकायचे होते ते खरे तर त्या तीन दिवसांत शिकली.

वहीत नसलेल्या गाई

वहीतली गावे तिला जुळेनात. आमच्या भागात एकाच नावाची तीन-तीन गावे असतात: मूळ गाव, त्याचा चक, त्याचे तुकूम, आणि कधीकाळी उठून गेलेले रिठ. वहीत नुसते नाव लिहिलेले असे. ग्रामपंचायतीचा रकाना मागितला होता म्हणून बहुतेक उलगडली. जी उलगडली नाहीत ती तिने 'अनिश्चित' म्हणून वेगळी ठेवली. अंदाजाने नकाशावर बसविली नाहीत, याचे मला कौतुक वाटले.

मग ती दोन गावांत गेली. आधी सरपंचांना भेटली, काय विचारणार ते सांगितले, आणि ज्याला बोलायचे नसेल त्याने बोलू नये हेही सांगितले. एका म्हाताऱ्या गुराख्याने बोटे मोजत मेलेली जनावरे सांगितली. त्यातली दोन तिच्या वहीत नव्हती.

"वहीत कशी येतील जी?" तो म्हणाला. "एक वाघाने ओढून नेली ते गावलीच नाही. पंचनामा कशाचा करता? दुसरी माह्या भावाची. रोवणीचे दिवस होते. मजुरी बुडवून कोण जाते बाई तिकडे?"

त्या रात्री पोरगी आमच्याकडे आली ती गंभीर होऊन. वहीत गाई नव्हत्या, वहीत अर्ज होते. गाय सापडली पाहिजे, मालकाला मुदतीत कळविता आले पाहिजे, कागद पुरे झाले पाहिजेत, तेव्हा तिची एक ओळ होते. चराईला बंदी असलेल्या जंगलात जनावर मेले, तर मालक कळवायलाच कचरतो. रोवणीच्या महिन्यात आकडा खाली आला, तर तो वाघ शांत झाल्यामुळे की गावाला उसंत नसल्यामुळे, हे वही सांगत नाही. सहाव्या कलमात नामंजूर प्रकरणे कारणांसह मागितली होती ती येथे कामास आली. 'मृत जनावर आढळले नाही', 'सूचना उशिरा' अशी कारणे कोणत्या महिन्यांत दाटतात ते तिला दिसले, आणि तेवढ्यापुरता तरी वहीबाहेरच्या जगाचा अंदाज आला.

तिने प्रकल्पाचे नाव बदलले. आधी होते 'पशुधनावरील हल्ले'. आता झाले 'पशुधन हानीची नोंदलेली प्रकरणे'. 'नोंदलेली' हा एक शब्द आत आला. माझ्या मते त्या एका शब्दाला चांगले गुण मिळाले पाहिजेत.

सभेपुढे वाचलेला अर्ज

तिच्या मैत्रिणीची गोष्ट सांगून हा लेख पुरा करतो. ती मुलगी गडचिरोलीची. तिला तेंदूपान आणि बांबूच्या विक्रीचा अभ्यास करायचा होता. आमच्या यशाची वार्ता ऐकून तिने तेच पत्र उतरवून काढले आणि वन विभागाकडे द्यायला निघाली. मी तिला थांबविले.

2006 च्या वनहक्क कायद्याने गावाला आपल्या जुन्या वहिवाटीच्या जंगलावर सामूहिक हक्क मागता येतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने तो 2009 साली मिळविला, सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर. 2011 च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. त्यानंतर गडचिरोलीतल्या पुष्कळ ग्रामसभा तेंदू आणि बांबू स्वतः विकू लागल्या. मग त्या विक्रीची वही कोणाजवळ असणार? ज्याने विकले त्याच्याजवळ. म्हणजे अर्जाच्या माथ्यावर 'प्रति, मा. अध्यक्ष व सर्व सदस्य, ग्रामसभा' असे लिहिले पाहिजे.

ते पत्र लिहायला आम्हाला अधिक वेळ लागला. कचेरीत पत्र एक माणूस डोळ्यांनी वाचतो. ग्रामसभेत ते मोठ्याने वाचले जाते आणि शंभर कानांनी ऐकले जाते. त्यातल्या पुष्कळांची घरची भाषा गोंडी. म्हणून 'उपरोक्त', 'अनुषंगाने' असले माझे आवडते शब्द एकेक करून काढून टाकावे लागले. मला फार जड गेले! वाक्ये तोंडाने म्हणून पाहिली. किती दिवस येणार, कोणत्या वह्या पाहणार, काय पाहणार नाही, आणि लिहिलेले परत येऊन कोणत्या सभेत वाचून दाखविणार, एवढेच ठेवले.

सभेत तिला एकच प्रश्न विचारला गेला. एक बाई उठून म्हणाल्या, "याआधी दोघे-तिघे आले, लिहून घेऊन गेले, पुन्हा दिसले नाहीत. तू येशील कशावरून?"

मुलगी गडबडली. शेवटी म्हणाली, "माझ्या पत्रात तारीख लिहिली आहे. ते पत्र तुमच्याकडेच ठेवा."

सभेने पुढच्या बैठकीत ठरवू असे सांगितले, आणि पुढच्या बैठकीत 'हो' म्हटले. पत्र ठरावाच्या वहीत चिकटवून ठेवले आहे. तारीख येत्या पौषातली आहे. त्या दिवशी जायला एस. टी. किती वाजता सुटते, याची चौकशी मी करून ठेवली आहे. माझी भाचीही येणार आहे. तिच्या प्रकल्पाच्या दोन प्रती दोन कचेऱ्यांना पोचत्या झाल्या आहेत, आणि दोन्हींवर तिने न विसरता आवक क्रमांक घेतला आहे.